चौदांपैकी सात कुठे गेले?

मे २०२१. करोनाची दुसरी लाट भरात असताना गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केले, की अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्या जातील, मग त्याला करोना झालेला असो वा नसो. जंतांवर आणि खरजेवर वापरले जाणारे हे जुने, स्वस्त औषध त्या दिवसांत महाराष्ट्रातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरही सर्रास दिसत होते. ते लिहिणाऱ्यांना आज नावे ठेवण्यात अर्थ नाही. हाताशी दुसरे फारसे काही नव्हते, आणि औषधाच्या बाजूने बोलणारे अभ्यास खरोखरच छापून येत होते.

पुढच्या दोन महिन्यांत या औषधावरचे दोन मोठे आढावे प्रसिद्ध झाले. जूनमध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ थेरप्युटिक्स’मध्ये आलेल्या आढाव्यात २४ चाचण्या आणि ३,४०६ माणसे होती. त्यांतल्या मृत्यूची माहिती देणाऱ्या १५ चाचण्या एकत्र करून लेखकांनी निष्कर्ष काढला, की आयव्हरमेक्टिनने मृत्यूचा धोका ६२ टक्क्यांनी कमी होतो. जुलैच्या अखेरीस कोक्रेन या संस्थेचा आढावा आला. त्यात १४ चाचण्या आणि १,६७८ माणसे होती. इस्पितळात दाखल झालेल्यांच्या मृत्यूबद्दल त्यांच्या हाती राहिल्या अवघ्या दोन चाचण्या आणि १८५ रुग्ण. त्यातून निघालेले उत्तर इतके पसरट होते, की मृत्यू सातपटीने कमी होण्यापासून अडीचपट वाढण्यापर्यंत काहीही शक्य होते. म्हणून त्यांनी लिहिले, की हे औषध चाचणीच्या बाहेर वापरण्याइतका पुरावा नाही.

औषध एकच, रोग एकच आणि दोन्ही गटांनी धुंडाळलेले साहित्यही बहुतांशी एकच. दोघांच्या शोधाच्या तारखांत जेमतेम महिन्याचे अंतर होते. बेरीज-सरासरीच्या गणितात कुणी चुकले होते असेही नाही. फरक पडला तो त्या गणिताच्या आधी, कोणत्या चाचण्या आत घ्यायच्या आणि कोणत्या बाहेर ठेवायच्या हे ठरवताना.

कोक्रेनच्या गटाचा एक नियम साधा होता. आयव्हरमेक्टिनची तुलना ज्या औषधाशी केली आहे, त्या औषधाचाच करोनावरचा गुण सिद्ध झालेला नसेल, तर ती चाचणी घ्यायची नाही. कारण उघड आहे. एका गटाला आयव्हरमेक्टिन आणि दुसऱ्याला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिले आणि पहिला गट बरा ठरला, तर पहिल्या औषधाने फायदा केला की दुसऱ्याने अपाय केला, हे कळायला मार्ग उरत नाही. जूनच्या आढाव्याने अशा चाचण्या आत घेतल्या होत्या. त्यांतली एक होती इजिप्तमधली. मृत्यू घटल्याचे त्या आढाव्यातले चित्र रंगवण्यात तिचा वाटा मोठा होता. जुलै २०२१ मध्ये लंडनमधल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने तिची मूळ माहिती तपासली, तेव्हा तीत एकाच रुग्णाच्या नोंदी वेगवेगळ्या नावाने पुन्हा आल्यासारख्या दिसल्या आणि काही मृत्यू तर चाचणी सुरू होण्याच्या आधीच्या तारखांचे निघाले. तो लेख संकेतस्थळावरून मागे घेतला गेला.

सर्वसाधारण वाचक अशा आढाव्यातला शेवटचा आकडा पाहतो, आणि त्यात त्याची चूक नाही, कारण बहुतेक अहवाल तोच आकडा पुढे करतात. पण सातबाऱ्यावर आज कुणाचे नाव आहे एवढ्यावर शहाणा माणूस जमीन घेत नाही; तो फेरफार पाहतो, कुणाचे नाव कधी चढले, कुणाचे कशामुळे कमी झाले ते वाचतो. आढाव्यातला हा फेरफार कसा लिहावा याचे सर्वमान्य नियम आहेत, आणि त्यांना म्हणतात ‘प्रिझ्मा’.

त्याआधी ‘क्वोरम’ नावाचे नियम होते. १९९६ साली भरलेल्या एका बैठकीतून निघालेले आणि १९९९ साली छापलेले. ते वाढवून २००९ मध्ये प्रिझ्मा आले, आणि त्याची सध्याची सुधारित आवृत्ती ‘प्रिझ्मा २०२०’ या नावाने मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात २७ कलमांची यादी आणि एक आकृती आहे. आकृती अगदी साधी. वरच्या चौकोनात शोधात किती सापडले, मग पुनरुक्ती किती काढली, किती चाळले, किती लेख पूर्ण मिळवले, किती वगळले व का, आणि तळाच्या चौकोनात किती उरले. उजवीकडे प्रत्येक पायरीला बाहेर पडलेल्यांचा चौकोन.

बहुतेक लेखक ही आकृती सगळ्यात शेवटी काढतात. अहवाल लिहून झालेला असतो, नियतकालिक आकृती मागते, मग संगणकातल्या जुन्या फायली उघडून आकडे गोळा केले जातात. माझे म्हणणे असे, की हा क्रम उलटा करावा. आधी आकृती भरावी आणि तिच्या चौकोनांच्या क्रमाने अहवाल नव्याने मांडावा. नुसते आकडे भरायला बसले तरी लिखाणातल्या किती गाठी दिसू लागतात, ते एका कल्पित उदाहरणातून पाहू.

समजा प्रश्न असा आहे : शाळकरी मुलींना आठवड्याला एकदा लोहाची गोळी दिली तर रक्तक्षय कमी होतो का? एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने यावरचा आढावा लिहिला आहे. तिच्या कच्च्या मसुद्यात ‘निष्कर्ष’ हा विभाग सुरू होतो तो ‘एकूण ६२ अभ्यासांचा विचार केला’ या वाक्याने, आणि लगेच हिमोग्लोबिन किती वाढले याची चर्चा येते. तिने तीन डेटाबेसमध्ये शोध घेतला होता. पबमेडमध्ये ५१२, एम्बेसमध्ये ४३० आणि कोक्रेनच्या चाचण्यांच्या संग्रहात २४४, मिळून १,१८६ नोंदी. त्यांतल्या ३१८ पुनरुक्ती काढल्या, ८६८ उरल्या. शीर्षक आणि सारांश वाचून ८०१ बाद झाल्या. उरलेल्या ६७ लेखांच्या पूर्ण प्रती मागवल्या, ५ मिळाल्याच नाहीत, ६२ वाचले.

म्हणजे मसुद्यातले ६२ हे अभ्यास नव्हतेच. ते वाचलेले लेख होते.

प्रिझ्मा २०२० ने सर्वांत जास्त काळजी घेतली आहे ती इथे. डेटाबेसमध्ये दिसते ती नोंद : शीर्षक, लेखकांची नावे, सारांश. त्या नोंदीमागचा दस्तऐवज तो अहवाल, मग तो छापील लेख असेल किंवा परिषदेतला सारांश. आणि प्रत्यक्ष माणसांवर झालेले काम तो अभ्यास. एका अभ्यासातून चार लेख निघू शकतात, आणि एका लेखाच्या तीन डेटाबेसमध्ये तीन नोंदी असू शकतात. म्हणून आकृतीच्या वरच्या भागात नोंदी मोजायच्या, मध्ये अहवाल मोजायचे आणि तळाशी अभ्यास. मोजण्याचे एकक खाली उतरताना बदलते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

ही बारीक कलाकुसर वाटेल, पण तिचा हिशेब प्रत्यक्ष झालेला आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांवर ऑन्डान्सेट्रॉन नावाचे औषध देतात. आपल्याकडे लहान मुलांच्या उलट्यांवरही ते घरोघर माहीत आहे. १९९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मार्टिन ट्रामेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की या औषधावरच्या छापील लेखांपैकी १७ टक्के लेख आधीच छापलेलीच माहिती पुन्हा सांगत होते आणि रुग्णांची २८ टक्के माहिती दुबार मोजली जाण्याजोगी होती. लेखकांची नावे किंवा त्यांचा क्रम बदललेला, मूळ लेखाचा उल्लेख नाही, त्यामुळे ओळखणे अवघड. आणि दुबार छापले जाण्याकडे कल होता तो औषधाचा गुण ठळक दिसणाऱ्या चाचण्यांचा. हे लेख वेगळे अभ्यास समजून मोजले, तर औषधाचा गुण २३ टक्क्यांनी फुगून दिसत होता. कुणीही एकही आकडा खोटा लिहिलेला नसताना!

संगणक पुनरुक्ती काढतो ती नोंदींची. शीर्षक, वर्ष, पाने जुळली की तो एक नोंद उडवतो. एका अभ्यासाचे दोन लेख मात्र माणसालाच ओळखावे लागतात. ठिकाण तेच आहे का, मुली भरती केल्याची तारीख तीच आहे का, गोळीचा डोस, गटांतली संख्या, चाचणीचा नोंदणी क्रमांक जुळतो का, हे पाहावे लागते. नोंदणी क्रमांक असेल तर काम सोपे होते. जुन्या लेखांत तो नसतो, मग पहिल्याच तक्त्यातली सुरुवातीची सरासरी वये आणि वजने शेजारी ठेवून पाहावीत. दशांशापर्यंत जुळली तर संशय घ्यावा.

आपल्या विद्यार्थिनीने असे पाहिले, तेव्हा अखेर आत राहिलेले १९ लेख प्रत्यक्षात १४ अभ्यासांचे निघाले. एका अभ्यासावर तीन लेख होते, आणखी तिघांवर प्रत्येकी दोन, उरलेल्या दहांवर एकेक. तीन आणि सहा आणि दहा, एकोणीस. जुळले.

आता गळालेल्यांकडे पाहू. ६२ लेख वाचले आणि १९ आत घेतले, म्हणजे ४३ बाहेर गेले असले पाहिजेत. मसुद्यातली कारणे मोजली तर १७ लेख शाळकरी मुलींवरचे नव्हते, १५ मध्ये तुलनेचा गट नव्हता आणि ९ मध्ये ‘हिमोग्लोबिनची माहिती नाही’. बेरीज येते ४१. दोन लेख कुठेच नाहीत, ना आत ना बाहेर.

असे दोन-चार लेख हरवतात तेव्हा ते बहुधा एकाच ठिकाणी सापडतात, दोन वाचकांच्या मतभेदात. चांगल्या आढाव्यात प्रत्येक लेख दोन माणसे एकमेकांना न विचारता वाचतात. दोघांचे मत वेगळे पडले की तिसऱ्याकडे जायचे असते. कामाच्या रगाड्यात तिसऱ्याला विचारायचे राहून जाते आणि तक्त्यात त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह तसेच राहते. निष्कर्ष लिहिताना प्रश्नचिन्हाची ओळ कुठल्याच यादीत येत नाही. समजा आपले दोन लेखही तसेच होते, आणि तिसऱ्या वाचकाने त्यांना तुलनेचा गट नसल्याच्या कारणाने बाद केले. १७, १७ आणि ९ : आता बेरीज ४३. एका लेखाला बाद करण्याची तीन कारणे असू शकतात, पण मोजताना एकच धरायचे आणि कारणांचा क्रम आधी ठरवून ठेवायचा, नाहीतर ही बेरीज कधीच जमणार नाही.

बेरीज जमली तरी मला सर्वांत खटकते ते तिसरे कारण. ‘हिमोग्लोबिनची माहिती नाही’ म्हणजे नेमके काय? त्या संशोधकांनी रक्त तपासलेच नाही, की तपासले आणि आकडे छापले नाहीत? पहिले असेल तर तो अभ्यास वेगळ्याच प्रश्नावरचा आहे, बाहेर जाऊ द्या. दुसरे असेल तर तो आपल्याच प्रश्नावरचा अभ्यास आहे आणि त्याला बाहेर काढणे घातक आहे. आकडे न छापण्याचे एक नेहमीचे कारण हेच असते, की फरक दिसला नाही. असे अभ्यास बाहेर ठेवले की आत उरतात ते फरक दिसलेले, आणि गोळी आहे त्याहून गुणकारी भासू लागते. कोक्रेनच्या मार्गदर्शिकेचे म्हणणेही हेच आहे, की वापरता येण्याजोगे आकडे नाहीत एवढ्यावरून अभ्यास वगळू नये. तो आत ठेवावा, लेखकांना पत्र लिहून आकडे मागावेत, आणि मिळाले नाहीत तर तसे स्पष्ट लिहावे.

समजा या ९ लेखांच्या पद्धतीचा भाग पुन्हा वाचल्यावर कळले, की ४ लेखांत रक्त तपासल्याचा उल्लेख आहे आणि ते चार वेगवेगळे अभ्यास आहेत. मग वगळलेले ३९ होतात, आत आलेले लेख २३ आणि अभ्यास १८. सरासरी काढायला पूर्वीचेच १४ मिळतात, पण आता वाचकाला दिसते, की आणखी चार अभ्यास झाले होते आणि त्यांचे उत्तर कुणाला माहीत नाही. दोन्ही मसुद्यांतली सरासरी तीच राहते, तिच्यावर किती भिस्त ठेवायची हे मात्र पार बदलते.

हे सगळे हाती आल्यावर अहवालाची फेरमांडणी फारशी अवघड राहत नाही. निष्कर्षाच्या विभागात पहिला परिच्छेद प्रवाहाचा आणि त्याला लागून आकृती. मग आत आलेल्या १८ अभ्यासांचा तक्ता, ज्यात एका अभ्यासाचे सगळे लेख एकाच ओळीत. त्यानंतर थोडक्यात हुकलेल्यांची यादी, नावानिशी आणि कारणासह. ही यादी प्रिझ्मा स्वतंत्र उपकलमात मागते, तरी ती अनेकदा गाळली जाते. सगळे ३९ लेख मजकुरात लिहायची गरज नाही. जो लेख एखादा जाणकार वाचक पाहील आणि म्हणेल ‘अरे, हा कसा नाही घेतला?’ तो तिथे हवा. त्यानंतर प्रत्येक अभ्यास किती विश्वासार्ह, आणि सर्वांत शेवटी एकत्रित आकडा, तो किती अभ्यासांतून आला या संख्येसह. २००९ च्या आकृतीत गणितात धरलेल्या अभ्यासांसाठी तळाशी वेगळा चौकोन होता, २०२० च्या साच्यात तो नाही. म्हणून अठरांतले चौदाच का, हे मजकुरात सांगण्याची जबाबदारी लेखकावर येते.

पद्धतीच्या विभागालाही याची झळ लागते. शोध शेवटचा कोणत्या तारखेला घेतला, कोणत्या शब्दांनी, किती जणांनी चाळले, मतभेद कसे मिटवले, हे तिथे नसेल तर खालच्या आकड्यांना आधार उरत नाही. एक मोह मात्र इथे टाळायलाच हवा. आकृती भरताना एखादा नियम अडचणीचा वाटला म्हणून तो आता बदलून घ्यायचा आणि आधीपासून तसाच होता असे लिहायचे, हे करू नये. नियम बदलला तर बदलला असे लिहावे आणि कधी व का तेही सांगावे.

आयव्हरमेक्टिनवरच्या आढाव्यात कोक्रेनच्या गटाने हे उघडपणे केले. जून २०२२ मध्ये त्यांनी आपला आढावा नव्याने प्रसिद्ध केला. मधल्या काळात बनावट चाचण्यांचा प्रश्न पुढे आला होता, म्हणून त्यांनी एक नवी अट घातली, की चाचणी सुरू होण्याआधी तिची नोंदणी झालेली असली पाहिजे. या अटीवर आधीच्या १४ पैकी ६ चाचण्या बाद झाल्या. सातवी बाद झाली, कारण तिच्यात रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कुणाच्या मर्जीविना झालेली नव्हती. राहिल्या ७. नव्या ४ मिळाल्या. एकूण ११ चाचण्या आणि ३,४०९ माणसे.

संख्या १४ वरून ११ वर आली, पण माणसे दुपटीने वाढली. नव्या चाचण्या मोठ्या आणि नीट आखलेल्या होत्या. नुसते ‘११ चाचण्या’ लिहिले असते तर पुरावा आटला असे वाटले असते. आणखी एक गोष्ट त्या फेरफारातूनच कळते. करोना होऊच नये म्हणून हे औषध देण्यावरची जी एकमेव चाचणी २०२१ च्या आढाव्यात होती, ती २०२२ मध्ये उरली नाही. म्हणजे निरोगी माणसांना ही गोळी देण्याबाबत त्या आढाव्यापुढे एकही ग्राह्य चाचणी नव्हती. आजारी माणसांबद्दल त्यांचा निष्कर्ष असा, की आयव्हरमेक्टिनचा फायदा दिसत नाही.

नूतनीकरण केलेल्या आढाव्यांसाठी प्रिझ्मा २०२० चा वेगळा साचा आहे. त्यात डावीकडे आधीचे अभ्यास, मध्ये नवे आणि तळाशी दोन्हींची बेरीज असते. आधी घेतलेले आता काढून टाकले, यासाठी त्यात तयार चौकोन नाही, तो आपण घालायचा असतो. साचा बदलायला लोक बिचकतात आणि मग ‘आधीचे ७’ असे लिहून मोकळे होतात. वाचक जुना आढावा उघडतो तर तिथे १४.

या सगळ्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रिझ्मा हे लिहिण्याचे नियम आहेत. काम चांगले झाले की नाही ते त्यावरून ठरत नाही. जून २०२१ च्या त्या आढाव्यानेही आकृती दिली होती आणि तरीही इजिप्तमधली चाचणी तळापर्यंत पोचली. शोधच तोकडा असेल, एकाच डेटाबेसमध्ये घेतलेला असेल, तर आकृती तेही निर्विकारपणे दाखवते. जे छापलेच गेले नाही ते तर वरच्या चौकोनातच येत नाही. पण आकृती आणि यादी असली, म्हणजे बाहेरच्या माणसाला बोट ठेवायला जागा मिळते. आत घेतलेल्या चाचण्यांची नावे छापलेली असली, की कोणती चाचणी तपासायची हे कळते.

आपल्या कल्पित विद्यार्थिनीचा सारांश आधी असा होता : ‘६२ अभ्यासांचा आढावा घेतला असता साप्ताहिक लोहगोळीने हिमोग्लोबिन वाढल्याचे दिसले.’ नव्या मसुद्यात तो असा झाला : ‘तीन डेटाबेसमधून मिळालेल्या १,१८६ नोंदींपैकी २३ लेख व त्यांतले १८ अभ्यास पात्र ठरले. पाच लेखांच्या प्रती मिळाल्या नाहीत. १४ अभ्यासांच्या एकत्रित आकड्यांत हिमोग्लोबिन वाढलेले दिसते; ४ अभ्यासांनी रक्त तपासले पण आकडे प्रसिद्ध केलेले नाहीत, त्यांच्या लेखकांना पत्रे पाठवली आहेत.’